विमान रद्द झाल्याचा ईमेल: रिफंड घ्यायचा की क्रेडिट नोट? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ईमेल आत्ताच आला आहे. सगळ्यात आधी काय पाहू?

आधी एकच गोष्ट शोधा: विमान कुणी रद्द केलं? कंपनीने की तुम्ही? बाकीचं सगळं यावर ठरतं. ईमेलमध्ये ते सरळ लिहिलेलं असेलच असं नाही. 'तुमचं बुकिंग रद्द झालं आहे' या वाक्यात कर्ताच नसतो. त्यामुळे कारणाची ओळ शोधा. 'ऑपरेशनल कारणांमुळे', 'तांत्रिक कारणामुळे', 'हवामानामुळे', 'वेळापत्रकातील बदलामुळे' यांपैकी काही असेल, तर रद्द करणारी कंपनी आहे. 'आपल्या विनंतीनुसार' असं लिहिलेलं असेल आणि तुम्ही कसलीही विनंती केलेली नसेल, तर पुढे काहीही करण्याआधी हे वाक्य लेखी दुरुस्त करून घ्या. तुमच्या तिकिटावर कुठला नियम लागणार हे त्या दोन शब्दांवर ठरतं.

ईमेल खरा आहे का हेही लगेच पाहून घ्या. त्यातल्या लिंकवर न जाता कंपनीची वेबसाइट स्वतः उघडा, सहा अक्षरांचा पीएनआर टाका आणि तिथेही तेच दिसतं का ते तपासा. रिफंडसाठी ओटीपी किंवा कार्डाचा पिन मागणारा ईमेल खोटाच समजावा. ज्या मार्गाने पैसे गेले त्याच मार्गाने परत पाठवायला कंपनीला तुमचा ओटीपी लागत नाही.

माझं तिकीट 'नॉन-रिफंडेबल' होतं. मग पैसे गेलेच ना?

नाही. हा गैरसमज इतका पक्का आहे की कित्येक जण यामुळे रिफंड मागतच नाहीत. 'नॉन-रिफंडेबल' ही अट तुम्ही स्वतःहून प्रवास रद्द करता तेव्हाची आहे. जी सेवा कंपनीने दिलीच नाही, तिचे पैसे स्वतःकडे ठेवायचा हक्क या अटीने कंपनीला मिळत नाही. या दोन प्रकारांना विमान व्यवसायात वेगळी नावंही आहेत. प्रवाशाने रद्द केलं तर 'व्हॉलंटरी', कंपनीने केलं तर 'इनव्हॉलंटरी'. फोनवर बोलताना 'मला इनव्हॉलंटरी रिफंड हवा आहे' असं नेमकं म्हणा. पलीकडचा माणूस संगणकावर हाच पर्याय शोधत असतो.

मोठ्या बाजारपेठांत यासाठी लेखी नियम आहेत. युरोपीय संघाच्या २००४ च्या २६१ क्रमांकाच्या नियमावलीनुसार तिकिटाचे पैसे सात दिवसांत परत करावे लागतात, तेही रोख, बँकेतून किंवा धनादेशाने. त्याऐवजी व्हाउचर, म्हणजे पुढच्या तिकिटासाठी वापरायची क्रेडिट नोट, द्यायचं तर प्रवाशाची सही असलेली संमती लागते. अमेरिकेच्या परिवहन विभागाचा २०२४ चा नियम सांगतो की विमान रद्द झालं आणि प्रवाशाने पर्याय स्वीकारला नाही, तर त्याने मागायची वाट न पाहता पैसे परत करावेत. भारतात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांत स्पष्ट म्हटलं आहे की रिफंडची रक्कम क्रेडिट शेलमध्ये, म्हणजे पुढच्या तिकिटासाठी कंपनीकडेच, ठेवायची की नाही हे प्रवाशाने ठरवायचं आहे, कंपनीने आपोआप तसं करायचं नाही.

नियम तीन ठिकाणचे आहेत, पण गाभा एकच. क्रेडिट नोट ही कंपनीकडून आलेली विनंती आहे, आणि ती मान्य करायची की नाही हे तुमच्या हातात आहे.

ईमेलमध्ये 'रद्द' शब्दच नाही. 'वेळापत्रकात बदल' म्हटलं आहे आणि दुसरं विमान दिलं आहे.

जुनी आणि नवी वेळ कागदावर शेजारी शेजारी लिहा. सुटण्याची, पोहोचण्याची, मधल्या थांब्याची. विमानतळ बदलला आहे का, थांबे वाढले आहेत का, वर्ग खाली आला आहे का, हेही पाहा. अमेरिकेच्या नियमात देशांतर्गत प्रवास तीन तासांनी आणि आंतरराष्ट्रीय प्रवास सहा तासांनी अलीकडे किंवा पलीकडे गेला की तो मोठा बदल ठरतो आणि रिफंडचा हक्क मिळतो. युरोपीय न्यायालयाने २०२१ मध्ये ठरवलं की विमान एक तासापेक्षा जास्त अलीकडे आणलं तर ते रद्द केल्यासारखंच आहे.

इथे घाईत एक चूक होते. ईमेलमधलं `Accept` बटण लोक 'ईमेल पोहोचला' या अर्थाने दाबतात. त्याचा खरा अर्थ 'नवी वेळ मला मान्य आहे' असा होतो. एकदा मान्य केलं की तो बदल तुमच्या संमतीने झाला असं धरलं जातं. वेळ जमत नसेल तर ते बटण दाबू नका.

एक मोठं रंगीत बटण आहे आणि खाली बारीक अक्षरांत एक लिंक. दोन्हींत फरक काय?

बहुतेक वेळा मोठं बटण क्रेडिट नोटचं असतं आणि बारीक लिंक रिफंडची. माझ्या मावशीच्या बाबतीत हेच झालं. फोनच्या छोट्या पडद्यावर तिला फक्त वरचा भाग दिसला: 'आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत', त्याखाली निळ्या रंगात `Claim now`. तिला वाटलं, पैसे मागायचं बटण हेच. दाबल्यावर तिच्या नावाने एक वर्षाचं व्हाउचर तयार झालं. मी तिच्या शेजारी बसून ईमेल तळापर्यंत सरकवला, तेव्हा करड्या अक्षरांत ओळ सापडली: 'इतर पर्यायांसाठी येथे क्लिक करा'. तो इतर पर्याय म्हणजे रिफंड. त्या वर्षी ती प्रवास करणार नव्हती, तिला पैसेच हवे होते. मला त्या गोष्टीचा अजूनही राग येतो, कारण तिने वाचायचा कंटाळा केला नव्हता. ईमेलची मांडणीच तशी केलेली होती.

बटण दाबणं म्हणजे सही करणं का, हा प्रश्न युरोपीय न्यायालयापुढे गेला होता. मार्च २०२४ मध्ये न्यायालयाने सांगितलं की कंपनीच्या वेबसाइटवरचा फॉर्म भरून प्रवाशाने व्हाउचर मागितलं तर ती सही असलेली संमती धरता येते. मात्र त्याआधी त्याला दोन्ही पर्यायांची स्पष्ट आणि पूर्ण माहिती मिळालेली असली पाहिजे. या निकालातून दोन गोष्टी घ्यायच्या. दाबलेलं बटण हलक्यात घेऊ नये, आणि माहिती लपवलेली असेल तर त्या बटणाला आव्हान देता येतं.

रिफंडची लिंक सापडत नाही. 'मॅनेज बुकिंग'मध्ये जाऊन `Cancel booking` दाबू का?

दाबू नका. ते बटण प्रवाशाने स्वतःहून रद्द करण्यासाठी आहे. ते दाबलं की संगणकात नोंद 'व्हॉलंटरी' होऊ शकते, आणि मग रद्द करण्याचं शुल्क कापून उरलेले पैसे किंवा फक्त कर परत येतात. `Request refund` किंवा 'फ्लाइट डिसरप्शन' अशा नावाचा वेगळा फॉर्म शोधा. तोही मिळाला नाही तर लेखी मागणी पाठवा, मसुदा शेवटी दिला आहे. ज्या पानावर विमानाची स्थिती `Cancelled` दिसते त्याचा स्क्रीनशॉट आधी काढून ठेवा. काही दिवसांनी ते पान दिसेनासं होतं.

क्रेडिट नोटवर १५ टक्के जास्त देतो म्हणतात. मग तीच फायद्याची नाही का?

१५ टक्के कशावर, हे पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. एक उदाहरण सविस्तर करून पाहू. आकडे हिशेबासाठी घेतले आहेत, चलन कुठलंही धरा.

समजा तुम्ही एकूण १०,००० भरले. ई-तिकिटाच्या पावतीत त्याची फोड अशी आहे: मूळ भाडं ६,०००, कंपनीचा अधिभार १,५००, सरकारी कर आणि विमानतळाचे शुल्क १,७००, आवडीच्या आसनाचे ३०० आणि जास्तीच्या सामानाचे ५००. अधिभार बहुधा `YQ` किंवा `YR` या अक्षरांनी लिहिलेला असतो. तो करांच्या रांगेत छापतात म्हणून कर वाटतो, पण तो कंपनीच्याच खिशात जातो.

ईमेलमध्ये लिहिलं आहे, 'भाड्याच्या ११५ टक्के क्रेडिट'. वाचणाऱ्याच्या मनात लगेच ११,५०० येतात. अटींच्या पानावर 'भाडं' म्हणजे मूळ भाडं अशी व्याख्या सापडते. म्हणजे क्रेडिट ६,००० च्या ११५ टक्के, एकूण ६,९००. कर 'मागणी केल्यास' वेगळे परत मिळतील असं पुढे लिहिलेलं आहे, म्हणजे तुम्ही मागणी केली तर आणखी १,७००. दोन्ही मिळून ८,६००. अधिभार, आसन आणि सामान यांचा उल्लेखच नाही. कंपनीने विमान रद्द केल्यामुळे मिळणारा पूर्ण रिफंड होता १०,०००. बोनस धरूनही तुम्ही १,४०० मागे राहिलात, आणि ६,९०० वर मुदतीची कात्री लागली ती वेगळीच.

आता पुढचं पाऊल. सहा महिन्यांनी तुम्ही ५,२०० चं तिकीट काढलं. क्रेडिट एकदाच वापरता येईल अशी अट असेल, तर उरलेले १,७०० गेले.

हाच हिशेब दुसऱ्या शब्दांनी उलटा होतो. 'भरलेल्या एकूण रकमेच्या ११५ टक्के, शिल्लक पुढे वापरता येईल' असं लिहिलेलं असेल तर क्रेडिट ११,५०० आणि ते खरोखर जास्त आहे. म्हणून टक्केवारीआधी त्या टक्केवारीमागचा शब्द वाचा.

आसन आणि सामानाबद्दल एक व्यवहारी सूचना. हे पैसे पुष्कळदा तिकिटापासून वेगळ्या पावतीवर असतात. तिला ईएमडी म्हणतात आणि तिलाही तिकिटासारखाच १३ अंकी क्रमांक असतो. रिफंड मागताना फक्त तिकिटाचा क्रमांक दिला तर ईएमडीचे पैसे मागे राहू शकतात. दोन्ही क्रमांक लिहा.

क्रेडिट नोटच्या अटींमध्ये नेमकं काय तपासायचं?

सगळ्यात जास्त भांडणं मुदतीवरून होतात. 'एक वर्ष वैध' या शब्दांत तीन वेगवेगळे अर्थ लपू शकतात. एक, वर्षाच्या आत तिकीट काढायचं, प्रवास नंतर केला तरी चालेल. दोन, प्रवास वर्षाच्या आत सुरू झाला पाहिजे. तीन, परतीचा प्रवाससुद्धा वर्षाच्या आत संपला पाहिजे. इंग्रजीत `Book by` आणि `Travel by` हे शब्द शोधा. वर्ष कधीपासून मोजायचं हेही पाहा. काही क्रेडिट नोटांमध्ये ते व्हाउचर दिल्याच्या तारखेपासून नाही, तर मूळ तिकीट काढल्याच्या तारखेपासून मोजलेलं असतं. तिकीट आठ महिने आधी काढलेलं असेल तर तुमच्याकडे वर्ष नसतंच, चारच महिने असतात.

आणखी एक बारकावा: क्रेडिट वापरून काढलेलं नवं तिकीटही रद्द झालं तर काय? पुष्कळ अटींमध्ये पैसे पुन्हा क्रेडिटमध्येच जातात, कधी कधी तर जुन्याच मुदतीने. एकदा क्रेडिटमध्ये गेलेला पैसा परत रोख होणं अवघड, हे लक्षात ठेवून निर्णय घ्या.

नाव, चलन आणि सवलतीची भाडी या बाबी थोडक्यात पाहून घ्या. क्रेडिट दुसऱ्याला वापरता येतं का, कुटुंबातल्या प्रत्येकाचं वेगळं आहे की एकत्र, आणि सेलमधल्या तिकिटांवर चालतं का.

तिकीट ट्रॅव्हल एजंटकडून किंवा बुकिंग वेबसाइटवरून काढलं होतं. पैसे कुणाकडे मागायचे?

कार्डाचं किंवा बँकेचं स्टेटमेंट काढा आणि पैसे कुणाच्या नावावर गेले ते पाहा. विमान कंपनीचं नाव असेल तर मागणी कंपनीकडे. एजंटचं नाव असेल तर पैसे आधी कंपनीकडून एजंटकडे जातात आणि मग तुमच्याकडे. अमेरिकेच्या २०२४ च्या नियमानेही हीच रेघ ओढली आहे: व्यवहार ज्याच्या नावावर झाला, रिफंडची जबाबदारी त्याची.

इथे माणूस दोन खिडक्यांमध्ये फिरत राहतो. कंपनी म्हणते एजंटला विचारा, एजंट म्हणतो कंपनीकडून आलेच नाहीत. हे थांबवायचा एक साधा उपाय आहे. कंपनीला लेखी विचारा: 'या तिकीट क्रमांकाचा रिफंड कोणत्या तारखेला, किती रकमेचा, एजंटकडे पाठवला?' एवढंच. उत्तरात तारीख आली की ती एजंटला पाठवा. तारीख नसेल तर अडकलेलं कंपनीत आहे हे कळतं.

एजंटची सेवा फी परत येते का, हे त्याच्या अटींवर असतं. मात्र एजंट स्वतःचं वेगळं 'रद्द शुल्क' लावत असेल तर त्याला विचारा, की रद्द कंपनीने केलं असताना ते कशाचं?

रिफंड मंजूर झाल्याचा ईमेल आला, पण खात्यात काही नाही.

मंजूर होणं आणि जमा होणं यात बँकेचा प्रवास असतो. अमेरिकेच्या नियमात कार्डाने भरलेल्या पैशांसाठी कामाचे सात दिवस आणि इतर मार्गांसाठी २० दिवस दिलेले आहेत. भारतात क्रेडिट कार्डासाठी सात दिवसांची मुदत आहे.

मुदत उलटली तर कंपनीकडे एआरएन मागा. कार्डावर परत पाठवलेल्या पैशांना बँकांच्या यंत्रणेत मिळणारा हा २३ अंकी माग-क्रमांक आहे. तो घेऊन तुमच्या बँकेला विचारलं की रक्कम कुठे आहे ते ती शोधू शकते. 'आम्ही पाठवले' म्हणणारी कंपनी एआरएन देऊ शकत नसेल, तर बहुधा पैसे पाठवलेले नाहीत. दरम्यान कार्ड बदललं असेल किंवा बंद केलं असेल तर बँकेला आधीच कळवून ठेवा.

क्रेडिट ठेवलं आणि कंपनीच बंद पडली तर?

तर तुम्ही ग्राहक न राहता कंपनीकडून पैसे येणं असलेल्या घेणेकऱ्यांच्या रांगेत जाता, आणि बिनतारण घेणेकऱ्यांची रांग जवळपास शेवटची असते. ही दूरची शक्यता नाही. मार्च २०२० मध्ये ब्रिटनची फ्लायबी बंद पडली, मे २०२३ मध्ये भारतात गो फर्स्टने उड्डाणं थांबवली. दोन्ही वेळा आधी तिकीट काढलेले लोक अडकले.

कार्डाने पैसे भरले असतील आणि सेवा मिळाली नसेल तर बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे तो व्यवहार उलटवून पैसे परत, मागता येतो. त्याची मुदत साधारण १२० दिवसांची असते, ती नेमकी कुठून मोजायची ते बँकेला विचारा. पण क्रेडिट नोट स्वीकारलेली असेल तर कंपनी बँकेला सांगते की ग्राहकाने बदल मान्य केला होता, आणि तुमची बाजू लंगडी पडते. कंपनीच्या आर्थिक स्थितीबद्दल वाईट बातम्या येत असतील तर तिने कितीही बोनस दिला तरी मी क्रेडिट घेणार नाही.

मग क्रेडिट नोट घ्यावी अशी वेळ कधी येतेच का?

येते. प्रवास तुम्ही स्वतः रद्द करत असाल आणि तिकीट नॉन-रिफंडेबल असेल, तर रिफंडमध्ये फक्त कर मिळतात. तिथे पूर्ण रकमेचं क्रेडिट नक्कीच बरं. कंपनीने रद्द केलेलं असतानाही, त्याच कंपनीने, ठरलेल्या तारखेला, मुदतीच्या आत जायचं पक्कं असेल, बोनस पूर्ण रकमेवर असेल आणि शिल्लक बुडत नसेल, तर घ्यायला हरकत नाही. यातली एक अट जरी डळमळीत असेल तरी पैसे घ्या. पैशांनी त्याच कंपनीचं तिकीट पुन्हा काढता येतं. क्रेडिटने दुसरं काहीच येत नाही.

मी आधीच क्रेडिट स्वीकारून बसलो आहे. आता काय?

ते वापरू नका. न वापरलेल्या क्रेडिटवर अजून बोलता येतं, वापरल्यावर विषय संपतो. मूळ ईमेल जपून ठेवा आणि लेखी कळवा की रिफंडचा पर्याय स्पष्टपणे दाखवला नव्हता, म्हणून संमती माहितीपूर्ण नव्हती. क्रेडिट आपोआप दिलेलं असेल, तुम्ही काहीच दाबलं नसेल, तर तुमची बाजू अधिक भक्कम आहे: संमती कधी दिलीच नव्हती. मावशीच्या वेळी आम्ही हेच लिहिलं. स्क्रीनशॉट जोडला, त्यात रिफंडची ओळ कुठे आणि किती बारीक होती ते दाखवलं. दोनदा नकार आला, तिसऱ्या ईमेलनंतर व्हाउचर रद्द होऊन पैसे आले. प्रत्येकाला येतील असं म्हणत नाही, पण पहिला नकार बहुधा साच्यातलं उत्तर असतं.

रिफंड घेतला तर नुकसानभरपाई जाते का?

नाही, त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. युरोपीय नियमावलीत विमान सुटण्याच्या १४ दिवसांच्या आत कळवलं तर अंतरानुसार २५० ते ६०० युरो भरपाई असू शकते. वादळासारख्या असाधारण परिस्थितीत आणि वेळेवर सोयीचं पर्यायी विमान दिलं असेल तर ती लागू होत नाही. म्हणून ईमेल आल्याची तारीख आणि त्यात दिलेलं कारण जपा. क्रेडिट नोटच्या अटींमध्ये 'सर्व दाव्यांची पूर्तता' असे शब्द असतील तर सही करण्याआधी थांबा, त्यात भरपाईसुद्धा सोडून द्यायला सांगितलेलं असू शकतं.

लेखी मागणीत काय लिहू?

लांब तक्रार लिहू नका. वाचणाऱ्याला कारवाई करता येईल एवढंच लिहा. उदाहरणार्थ:

'माझा पीएनआर अमुक, तिकीट क्रमांक अमुक, आसन व सामानाचा ईएमडी क्रमांक अमुक. अमुक तारखेचं हे विमान आपल्या कंपनीने अमुक तारखेच्या ईमेलद्वारे रद्द केलं आहे. पर्यायी विमान आणि क्रेडिट नोट मला मान्य नाही. न वापरलेल्या प्रवासाची पूर्ण रक्कम, कर, अधिभार आणि अतिरिक्त सेवांसह, मूळ पैसे भरलेल्या मार्गानेच परत करावी. रिफंड पाठवल्यावर एआरएन कळवावा.'

सोबत रद्द झाल्याचा ईमेल आणि पैसे भरल्याची पावती जोडा. जायचा प्रवास झाला आहे आणि परतीचंच विमान रद्द झालं असेल, तर 'न वापरलेल्या' या शब्दामागे कोणता टप्पा ते स्पष्ट लिहा. नाहीतर पूर्ण तिकीट वापरलेलं समजून अर्ज परत येतो.